तोंड येणे कोणत्या ढिगात? औषधाच्या माहितीपत्रकाच्या एका स्क्रीनशॉटचे प्रकरण

मी नाशिकमध्ये इंदिरानगर भागात औषधांचे दुकान चालवते. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी रात्री पावणेदहाला, शटर अर्धे खाली ओढलेले असताना, ओळखीच्या एका तरुणाचा संदेश आला. सोबत एक स्क्रीनशॉट होता. संदेश असा होता : “ताई, आईच्या संधिवाताच्या गोळीचा कागद इंटरनेटवर सापडला. यातलं नेहमीचं कोणतं आणि घाबरायचं कोणतं, ते सोप्या मराठीत सांगाल का? आईचं तोंड आलंय, पण ते कॉमनमध्येच दिलंय, म्हणून काळजी नाही. उद्या रविवार आहे, गोळी द्यायची ना?”

हे प्रकरण त्या कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आई सत्तावन्न वर्षांच्या, राहणार पंचवटी. मुलगा अंबडच्या एका कारखान्यात पाळीत काम करतो आणि वडिलांची ओझरकडे द्राक्षबाग आहे. आईंना संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट हे औषध सहा आठवड्यांपूर्वी सुरू झाले होते. साडेसात मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, म्हणजे पंधरा मिलिग्रॅम, फक्त रविवारी घ्यायच्या होत्या आणि मंगळवारी फॉलिक ॲसिडची एक गोळी. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. कुणी ते चुकून रोज घेतले, तर त्याने जिवावर बेतू शकते.

स्क्रीनशॉट इंग्रजीत होता आणि एका ब्रिटिश माहितीपत्रकातून घेतलेला होता. आपल्याकडे गोळ्यांच्या पाकिटासोबत रुग्णासाठी लिहिलेला कागद बहुधा मिळत नाही, त्यामुळे लोक तिकडचा कागद उतरवून घेतात. तसे करण्यात गैर काही नाही, परंतु तो कागद कसा रचलेला असतो हे माहीत नसेल तर त्यातून उलटाच अर्थ निघतो. या प्रकरणात नेमके तेच झाले होते. खरे सांगायचे तर दिवसभराच्या थकव्यात मीसुद्धा “हो, तोंड येणे कॉमन आहे” एवढे टाइप केले होते. पाठवण्याआधी औषधाचे नाव पुन्हा वाचले आणि ती ओळ पुसली.

अशा माहितीपत्रकात दुष्परिणामांची यादी किती जणांना होतो या क्रमाने लावलेली असते. ‘व्हेरी कॉमन’ म्हणजे दहांपैकी एकापेक्षा जास्त जणांना होणारा, ‘कॉमन’ म्हणजे दहांत एकापर्यंत, ‘अनकॉमन’ म्हणजे शंभरात एकापर्यंत, ‘रेअर’ म्हणजे हजारात एकापर्यंत आणि ‘व्हेरी रेअर’ म्हणजे दहा हजारांत एकापर्यंत. शेवटी ‘नॉट नोन’ असा एक गट असतो. तो वाचून अनेकांना वाटते की हा दुष्परिणाम कुणाला झाल्याचे माहीतच नाही. प्रत्यक्षात तो झालेला असतो, फक्त तो किती जणांना होतो हे हाती असलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. या सगळ्या क्रमात तो दुष्परिणाम झाला तर किती घाई करायची, याबद्दल एक अक्षरही नसते.

मुलाच्या वडिलांना हे नंतर समजावताना त्यांच्याच कामातले उदाहरण उपयोगी पडले. कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो : लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. मी म्हटले, “काका, शेडमध्ये कोणत्या औषधाच्या किती बाटल्या आहेत हे मोजून त्रिकोणाचा रंग कळतो का? हा कागद फक्त बाटल्या मोजतो.” त्यांना ते लगेच पटले. हिरव्या त्रिकोणाची एकच बाटली असू शकते आणि लाल त्रिकोणाच्या दहाही असू शकतात.

मेथोट्रेक्झेटच्या कागदावर याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. केस गळणे त्यात बहुधा ‘अनकॉमन’ गटात असते, म्हणजे तुलनेने कमी जणांना होते, पण त्यासाठी रात्री दवाखाना गाठण्याची गरज नसते. याउलट तोंडात व घशात फोड येणे ‘व्हेरी कॉमन’मध्ये आणि रक्तातील पेशी कमी होणे ‘कॉमन’मध्ये दिलेले आढळते. कोरडा खोकला, धाप आणि ताप यांसह येणारी फुप्फुसाची सूजसुद्धा ‘कॉमन’ गटात असते, आणि ती या औषधाच्या सर्वांत धोक्याच्या परिणामांपैकी एक आहे. कमी वेळा होणारे ते गंभीर आणि वारंवार होणारे ते किरकोळ, असा जो समज आपण नकळत करून घेतो, तो या एका पानावरच मोडतो.

मग घाईचे काय, ते कागदावर कुठेच नसते का? असते. दुष्परिणामांचा भाग सुरू होतो तिथे, गटांच्या यादीच्या आधी, “यांपैकी काही झाल्यास डॉक्टरांना ताबडतोब सांगा” अशा अर्थाचा एक परिच्छेद किंवा चौकट असते. मुलाच्या स्क्रीनशॉटमध्ये ती चौकट नव्हती. फोनच्या पडद्यावर ‘व्हेरी कॉमन’ या ठळक शब्दांपासून खालचा भाग आला होता आणि तेवढाच टिपला गेला होता. चित्राच्या अगदी वर, अर्ध्या कापल्या गेलेल्या ओळीचा खालचा भाग दिसत होता. तेवढ्यावरूनच कळले की वर आणखी काहीतरी आहे. आता माझ्याकडे असा स्क्रीनशॉट आला की मी मजकुराआधी त्याच्या कडा बघते : पहिली ओळ पूर्ण आहे का, आणि दुष्परिणामांच्या भागाचे शीर्षक चित्रात आहे का. शीर्षक दिसत नसेल तर यादीचे डोके कापलेले आहे असे समजून पूर्ण कागद मागवते.

पूर्ण कागद येईपर्यंत मी मुलाला फोन लावला. स्क्रीनशॉटमधल्या दुष्परिणामांची नेहमीचे कोणते आणि घाबरायचे कोणते अशी वाटणी करायची तर रुग्णाची स्थिती आधी कळायला हवी होती. तोंड कधीपासून आले, विचारल्यावर तो म्हणाला, “बुधवारपासून. आई म्हणते उष्णता वाढली आहे, ऑक्टोबर हीट आहे ना. गुलकंद आणि सब्जा चालू आहे.” आपल्या घरांमध्ये तोंड येणे याला फार जुने आणि ठरलेले स्पष्टीकरण आहे आणि एरवी ते चालूनही जाते. इथे मात्र त्याच स्पष्टीकरणाने तीन दिवस खाल्ले. घास गिळताना दुखते का, विचारले. काकूंनी दोन दिवस फक्त ताक-भात आणि मऊ खिचडी खाल्ली होती. ताप आहे का, विचारले. “थोडी कणकण आहे,” असे उत्तर आले. कणकण हा शब्द मी कधीच मोजमाप म्हणून घेत नाही, म्हणून थर्मामीटर लावायला सांगितले. शंभर पूर्णांक आठ भरला.

यानंतर गोळ्या मोजल्या. सुरुवातीला दहा गोळ्यांच्या दोन स्ट्रिप घेतल्या होत्या, म्हणजे वीस गोळ्या. सहा रविवारांच्या बारा वजा केल्या तर आठ उरायला हव्यात. मुलाने स्ट्रिपचा फोटो पाठवला आणि आठच उरलेल्या होत्या. म्हणजे औषध रोज घेतले गेले नव्हते. माझी सर्वांत मोठी भीती तीच होती आणि एवढ्या साध्या वजाबाकीने ती दूर झाली.

तरीही सहाव्या आठवड्यात अचानक एवढे का बिघडावे, हे कळत नव्हते. मी मुलाला घरातला औषधांचा डबा टेबलावर रिकामा करून त्याचा फोटो पाठवायला सांगितले. त्यात कोट्रायमोक्झॅझोल या प्रतिजैविकाची दहा गोळ्यांची रिकामी स्ट्रिप होती. पाचव्या रविवारनंतर काकूंना लघवीला जळजळ होऊ लागली होती आणि जवळच्या डॉक्टरांनी ते पाच दिवस, दिवसातून दोनदा दिले होते. “दुसरे काही औषध चालू आहे का,” असे त्या डॉक्टरांनी विचारलेही होते. काकूंनी उत्तर दिले होते, “गुडघेदुखीची गोळी आहे, रविवारची.” ते ऐकून कुणालाही वेदनाशामक गोळी डोळ्यांसमोर येईल. मेथोट्रेक्झेट कुणाच्याही मनात येणार नाही.

ही दोन औषधे एकत्र का नकोत, हे सोप्या भाषेत सांगता येते. शरीरात नवीन पेशी तयार होण्यासाठी फॉलिक ॲसिड लागते आणि मेथोट्रेक्झेट त्याचा वापर अडवते. कोट्रायमोक्झॅझोलमधला ट्रायमेथोप्रिम हा घटकही त्याच वाटेवर अडथळा आणतो. शिवाय मेथोट्रेक्झेट शरीराबाहेर जाते ते मुख्यतः मूत्रपिंडांतून, आणि हे प्रतिजैविक तो निचरा मंद करू शकते. परिणामी पंधरा मिलिग्रॅमचा ठरलेला डोससुद्धा जास्त डोससारखा वागू लागतो. त्याची झळ ज्या पेशी झपाट्याने नव्या होतात त्यांना आधी लागते : तोंडाच्या आतले अस्तर आणि हाडांतील मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात. मगज आपल्याला दिसत नाही, पण तोंड आरशात दिसते. म्हणून या औषधावर असताना आलेले तोंड हे आत काय चालले असेल त्याची खिडकी ठरू शकते, आणि सोबत ताप असेल तर पांढऱ्या पेशी कमी होऊन संसर्ग शिरल्याची शंका घ्यावी लागते. ट्रायमेथोप्रिमविषयीचा इशारा त्याच माहितीपत्रकात होता, पण ‘औषध घेण्यापूर्वी’ या आधीच्या भागात. तेवढे वरपर्यंत स्क्रीनशॉट गेलाच नव्हता.

आता वाटणीकडे येते. त्या रात्री मी मुलाला फोनवर जे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी कागदावर लिहून दिले, त्यात चार ढीग होते. माहितीपत्रकातले गट बाजूला ठेवून मी प्रत्येक दुष्परिणामाला एकच प्रश्न विचारला : हे झाल्यावर सकाळपर्यंत थांबले तर काय बिघडेल?

पहिल्या ढिगात थांबणे शक्यच नाही अशा गोष्टी गेल्या : ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणे, श्वास घेता न येणे, अंगावर पुरळ उठून त्वचेला फोड येणे किंवा साल निघणे, झटका येणे, शुद्ध हरपणे. इथे कुणालाही संदेश पाठवत बसायचे नाही, थेट १०८ लावायचा. ब्रिटिश कागदावर तिकडचे आपत्कालीन क्रमांक असतात आणि घाबरलेला माणूस पडद्यावर दिसेल तोच क्रमांक फिरवतो, म्हणून आपला क्रमांक मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिला.

दुसऱ्या ढिगात त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचे आणि तोपर्यंत पुढची गोळी घ्यायची नाही, अशा गोष्टी होत्या. हा ढीग सर्वांत महत्त्वाचा, कारण यातली लक्षणे दिसायला घरगुती असतात. तोंडात फोड, घसा दुखणे, ताप, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, नवीन कोरडा खोकला किंवा जिना चढताना लागणारी धाप, डोळे पिवळे होणे. जुलाब-उलट्याही इथेच येतात, कारण शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडांचे काम मंदावते आणि औषध आत साचत जाते. ताप आल्यावर पॅरासिटामॉल देऊन ‘उतरला’ म्हणणे इथे फसवे ठरते. तापाचा आकडा खाली येतो, पण कारण तसेच राहते.

तिसऱ्या ढिगात पुढच्या भेटीत सांगण्याच्या गोष्टी गेल्या : गोळीच्या दुसऱ्या दिवशीची मळमळ, भूक कमी होणे, हलकी डोकेदुखी, थकवा, थोडे केस गळणे. यांसाठी औषध आपल्या मनाने बंद करायचे नाही. मात्र मळमळ वाढून उलट्या सुरू झाल्या तर तीच तक्रार दुसऱ्या ढिगात जाते. ढिगांमधल्या भिंती पक्क्या नाहीत, हे मी मुलाला दोनदा सांगितले.

चौथा ढीग माझ्या मते बहुतेकांकडून सुटतो. कागदावर ‘यकृताची एन्झाइम वाढणे’ असेही ‘व्हेरी कॉमन’मध्ये लिहिलेले होते आणि मुलाने विचारले होते की हे ओळखायचे कसे. ओळखता येत नाही. ते माणसाला जाणवत नाही, रक्ततपासणीतच दिसते. असे दुष्परिणाम नेहमीचे-गंभीर या वाटणीत बसत नाहीत. त्यांच्यासमोर फक्त तपासणीची तारीख लिहायची. मेथोट्रेक्झेट सुरू झाल्यावर पहिले काही महिने दर दोन ते चार आठवड्यांनी रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी सांगितली जाते. काकूंची चौथ्या आठवड्याची तपासणी छाटणीच्या धांदलीत राहून गेली होती.

भाषांतराबद्दल थोडे सांगायला हवे, कारण “सोप्या मराठीत” हीच मुलाची मागणी होती. ‘स्टोमाटायटिस’चे भाषांतर त्याच्या फोनने ‘मुखदाह’ असे केले होते आणि तो शब्द पाहून काकूंना वाटले की तोंडाची आग होत असेल तरच तो लागू. ‘तोंड येणे’ लिहिल्यावर त्या लगेच म्हणाल्या, “हे तर माझंच.” ‘ब्रुइझिंग’साठी ‘जखम’ लिहिले तर माणूस रक्त शोधतो, ‘काळेनिळे डाग’ लिहावे लागते. चक्कर आणि गुंगी या दोन वेगळ्या तक्रारींना आपण सर्रास ‘चक्कर’च म्हणतो, तिथे ‘डोके गरगरणे’ आणि ‘झोपेची झापड’ असे फोडून लिहिणे बरे. लक्षण ज्या शब्दांत घरात बोलले जाते त्या शब्दांत लिहिलेले नसेल, तर वाटणी कितीही अचूक असली तरी ती कुणाला लागू पडत नाही.

मुलाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी फोनवरच दिले होते. उद्याची गोळी द्यायची नाही आणि संधिवाताच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करायचा. एक रविवार चुकल्याने सांधे दुखतील कदाचित, पण त्याने कायमचे नुकसान होत नाही. याउलट मगज दबलेला असताना आणखी पंधरा मिलिग्रॅम दिले, तर ते परत घेता येत नाहीत. आपल्या मनाने औषध बंद करू नका असे मीच काउंटरवर रोज सांगते, परंतु इथे गोळी रोखून विचारायचे होते आणि विचारणे त्याच रात्री व्हायचे होते. डॉक्टरांनी फोन उचलला, दोन्ही औषधांची नावे ऐकली आणि लगेच रुग्णालयात जायला सांगितले.

रात्री साडेअकराला रक्त घेतले गेले. पांढऱ्या पेशी २,१०० निघाल्या, साधारणतः त्या ४,००० ते ११,००० असतात. प्लेटलेट ८४,००० होत्या, त्या दीड लाखाच्या वर हव्यात. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे क्रिएटिनिन किंचित वाढलेले होते. इथे प्रकरण आणखी एकदा भरकटू शकले असते. ऑक्टोबर हा नाशिकमध्ये डेंग्यूचा हंगाम. ताप आणि कमी प्लेटलेट पाहून आपत्कालीन विभागातल्या तरुण डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा डेंग्यूच आला, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. मुलाने ‘संधिवाताची गोळी’ न म्हणता मेथोट्रेक्झेट आणि कोट्रायमोक्झॅझोल ही नावे लिहिलेला कागद त्यांच्या हातात दिला, तेव्हा तोंडातल्या फोडांचा संबंध जुळला. डेंग्यूची तपासणीही केली गेली आणि ती निगेटिव्ह आली. काकूंना दाखल करून मेथोट्रेक्झेट थांबवले, फोलिनिक ॲसिडची इंजेक्शने दिली आणि संसर्गासाठी दुसरी प्रतिजैविके सुरू केली. साध्या फॉलिक ॲसिडच्या गोळीने हे काम होत नाही, कारण मेथोट्रेक्झेटने जी पायरी अडवलेली असते ती फोलिनिक ॲसिडला ओलांडावी लागत नाही. सहाव्या दिवशी काकू घरी आल्या. तोंड बरे व्हायला आणखी आठवडा गेला.

माझ्या वाटणीची मर्यादाही या आकड्यांतच आहे. फोनवर बोलताना मला पेशी किती आहेत हे माहीत नव्हते आणि साध्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने किंवा विषाणूनेही तोंड आणि ताप आले असते. ढीग पाडल्याने निदान होत नाही, रक्त आज तपासायचे की पुढच्या महिन्यात एवढेच ठरते. शिवाय हे ढीग मेथोट्रेक्झेटचे आहेत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी येणारा कोरडा खोकला त्रासदायक असला तरी बहुधा पुढच्या भेटीपर्यंत थांबू शकतो, पण या कागदावर तोच खोकला दुसऱ्या ढिगात आहे. एका औषधाची वाटणी दुसऱ्याला लावता येत नाही.

घटनेची नोंद मी औषधांच्या दुष्परिणामांसाठी असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर दिली. रुग्ण किंवा नातेवाईकही तिथे नोंद देऊ शकतात.

दीड महिन्यानंतर, रक्त पूर्ववत झाल्यावर, डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेट कमी डोसवर पुन्हा सुरू केले. काकू स्वतः स्ट्रिप घ्यायला दुकानात आल्या. पिशवीतून त्यांनी तोच चार ढिगांचा कागद काढला. मुलाने त्याला प्लास्टिकचे आवरण घातले होते आणि वर मोठ्या अक्षरांत ‘मेथोट्रेक्झेट, फक्त रविवारी’ असे लिहिले होते. काकू म्हणाल्या, “नाव काही माझ्या जिभेवर बसत नाही गं. म्हणून आता कुठल्याही डॉक्टरकडे गेले, की बोलायच्या आधी हाच कागद पुढे करते.”